पॅचची थकबाकी

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कार्यालयाची कल्पना करू. खरेदीच्या नोंदवहीत १४० लॅपटॉप आहेत. शुक्रवार, २५ जुलै २०२५ रोजी आयटी सांभाळणारा तरुण हिशेब विभागाच्या प्रमुख बाईंपुढे एक पानी अहवाल ठेवतो. वर ठळक अक्षरांत लिहिलंय : पॅच कम्प्लायन्स ९३ टक्के. बाईंचं आयुष्य येणी वसूल करण्यात गेलेलं. त्या चष्मा सारखा करतात आणि विचारतात, "बरं, उरलेले सात टक्के कधीपासून थकलेत?"

कागदावर याचं उत्तर नाही. तरुणाकडेही नाही.

हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो, यात नवल नाही. व्यापारी कधी नुसतं "किती गिऱ्हाइकांकडे बाकी आहे" एवढंच बघत नाही. तो एजिंग काढतो : तीस दिवसांच्या आतली बाकी किती, साठ दिवसांची किती, नव्वदच्या पुढची किती. संगणकांच्या अपडेटचा हिशेबही असाच मांडावा लागतो. एक आकडा यंत्रांचा, दुसरा दिवसांचा. आणि हे दोन आकडे मांडताना चुका कुठे होतात, हे एकदा कळलं की ९३ टक्क्यांचा कागद वेगळ्याच नजरेने वाचता येतो.

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या भोकावर लावलेलं ठिगळ. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही ठिगळं एकत्र काढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा होतात. म्हणून भारतातल्या आयटीवाल्यांचा पॅचचा दिवस खरं तर बुधवार. त्या रात्री एक गोष्ट आणखी घडते. ठिगळ कुठे लावलंय हे जगजाहीर झालं की भोक कुठे होतं हेही कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक शोधणारे लोक लगेच कामाला लागतात. पॅचचं वय मोजायचं ते यासाठी : पॅच निघाल्यापासून जितके दिवस यंत्र त्याविना राहतं, तितके दिवस ते भोक माहीत असलेल्यांसमोर उघडं असतं.

असे दिवस साचू दिले तर काय होतं, ते २०१७ साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, भोगलं. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने MS17-010 या क्रमांकाने एक पॅच काढला. विंडोजची यंत्रं आपसांत फायली देवाणघेवाण करताना जी पद्धत वापरतात, तिच्यातलं भोक त्याने बुजत होतं. १२ मेला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू नेमका त्याच भोकातून जगभर पसरला. मधे गेले होते ५९ दिवस. इंग्लंडमधल्या २३६ रुग्णालय-संस्थांपैकी किमान ८१ संस्थांना झळ बसली. रद्द झालेल्या ६,९१२ भेटींची नोंद सापडली आणि प्रत्यक्षात हा आकडा १९,००० च्या वर असावा, असा अंदाज बांधला गेला. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं. त्याला तेव्हा पॅच मिळत होते, पण ते लावले गेले नव्हते.

ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालातली एक नोंद इथे सगळ्यात महत्त्वाची आहे. एनएचएसच्या डिजिटल शाखेने मार्च आणि एप्रिलमध्ये पॅच लावण्याच्या तातडीच्या सूचना पाठवल्या होत्या. पण त्या सूचनांप्रमाणे स्थानिक संस्थांनी काम केलं की नाही, हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती. पॅच होता, सूचना गेली होती. किती यंत्रं बाकी आहेत आणि किती दिवसांपासून, हे मात्र मोजलं जात नव्हतं.

आता पुण्यातल्या कागदाकडे परत येऊ. तरुणाने दोष दाखवणारे ९ लॅपटॉप मोजले होते. प्रत्येकापुढे "महत्त्वाचे अपडेट बाकी : १" असं लिहिलेलं. नऊच्या नऊ ओळी सारख्याच. पण ही समानता दिसण्यापुरतीच आहे.

त्याचं कारण विंडोजच्या पॅचच्या रचनेत आहे. विंडोज १० आणि ११चे मासिक पॅच संचयी असतात. म्हणजे जुलैच्या पॅचमध्ये जून, मे, एप्रिल सगळ्यांचा मागचा माल भरलेला असतो. जुलैचा एकच लावला की मागची सगळी भोकं बुजतात. ही सोय चांगलीच आहे, पण मोजणाऱ्याला ती फसवते. जुलैचा पॅच आला की यंत्र जूनचा मागतच नाही. परिणामी एका महिन्याने मागे असलेलं यंत्र आणि सहा महिन्यांनी मागे असलेलं यंत्र, दोघांच्या नावापुढे बाकी "१"च दिसते. दहा वर्षांपूर्वी, सुटे पॅच यायचे तेव्हा, बाकीचा आकडा मोठा असला की यंत्र खूप मागे आहे हे कळायचं. आता ते आकड्यावरून कळत नाही. ते वयावरूनच काढावं लागतं.

वय कुठून काढायचं? बहुतेक जण पहिल्यांदा "शेवटचं अपडेट कधी झालं" ही तारीख उचलतात. हिशेब विभागाच्या बाईंना त्यातली चूक सांगावी लागणार नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने फेब्रुवारीचं मोठं बिल थकवलंय आणि काल पाचशे रुपये हातावर ठेवलेत. त्याची बाकी एक दिवसाची म्हणायची का? बाकीचं वय शेवटच्या भरण्यापासून मोजत नाहीत, सर्वात जुन्या न भरलेल्या बिलाच्या तारखेपासून मोजतात.

लॅपटॉपवर असे "पाचशे रुपये" रोज जमा होत असतात. विंडोजमधल्या डिफेंडर या विषाणूरोधकाला नव्या विषाणूंच्या खुणांची यादी दिवसातून कित्येकदा मिळते आणि अपडेटच्या इतिहासात तिची नोंद KB2267602 या क्रमांकाने पडते. इतिहासातली सर्वात अलीकडची तारीख उचलणाऱ्या अहवालात त्यामुळे फेब्रुवारीपासून रखडलेलं यंत्रही "शेवटचं अपडेट : आज" असं झळकतं. ही चूक फार सामान्य आहे आणि ओळखायलाही सोपी आहे. अहवालात जवळजवळ सगळ्याच यंत्रांचं वय शून्य किंवा एक दिवस दिसत असेल, तर मोजणारा डिफेंडरची तारीख मोजतोय असं समजावं.

भरवशाची खूण म्हणजे बिल्ड क्रमांक. कोणत्याही विंडोज लॅपटॉपवर winver लिहून एंटर दाबलं की एक छोटी चौकट उघडते आणि तिच्यात तो दिसतो. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती घ्या. १३ मे २०२५ चा पॅच लावल्यावर तिथे 26100.4061 दिसतं, १० जूनच्या पॅचनंतर 26100.4349, आणि ८ जुलैच्या पॅचनंतर, ज्याचा क्रमांक KB5062553 आहे, 26100.4652. ठिपक्यानंतरचा भाग सांगतो की यंत्र कोणत्या महिन्यात थांबलंय. १४० यंत्रांपुढे जाऊन चौकट उघडत बसायची गरज नाही. हाच क्रमांक दोन ओळींत वाचता येतो :

```powershell
$v = Get-ItemProperty 'HKLM:\SOFTWARE\Microsoft\Windows NT\CurrentVersion'
"$env:COMPUTERNAME $($v.CurrentBuild).$($v.UBR)"
```

यंत्राने क्रमांक दिला की मायक्रोसॉफ्टच्या प्रसिद्ध यादीशी ताडायचा, त्यानंतर निघालेला आणि न लागलेला पहिला पॅच शोधायचा आणि त्याच्या प्रकाशनाच्या तारखेपासून आजपर्यंतचे दिवस मोजायचे. यंत्रावर पॅच कधी चढला ही तारीख इथे उपयोगाची नाही. कुणी ५ जुलैला जूनचा पॅच लावला म्हणून २५ जुलैला त्याचं यंत्र वीस दिवसांचं ठरत नाही. जुलैचा पॅच ८ तारखेला निघाला, म्हणून त्याची बाकी १७ दिवसांची.

या पद्धतीने पुण्यातली नऊ यंत्रं मोजली की चित्र पालटतं. पाच यंत्रांना फक्त जुलैचा पॅच नाही : वय १७ दिवस. दोघांना जूनपासून नाही : ४५ दिवस. एकाला मेपासून नाही : ७३ दिवस. आणि एक यंत्र जानेवारीच्या पॅचवर थांबलंय. फेब्रुवारीचा पॅच ११ तारखेला निघाला होता, म्हणजे १६४ दिवस. वॉनाक्रायच्या वेळी ५९ दिवस पुरले होते, हे आठवलं की शेवटच्या दोन ओळींकडे आधी का बघायचं ते कळतं.

सरासरीचा मोह मात्र टाळायला हवा. या नऊ यंत्रांचे दिवस मिळून ४१२ होतात. त्यांना अहवालातल्या सगळ्या १२६ यंत्रांनी भागलं तर सरासरी वय येतं सव्वातीन दिवस. वरच्या साहेबांना हा आकडा आवडेल, पण त्याच्या आत १६४ दिवसांचं यंत्र पार विरघळून गेलेलं असतं. सरासरीऐवजी गट करावेत : १४ दिवसांपर्यंत, १५ ते ३०, ३१ ते ६०, आणि ६०च्या पुढे. चौदा दिवस ही मुदत मनाने घेतलेली नाही. ब्रिटनच्या सायबर इसेन्शियल्स या प्रमाणपत्राला गंभीर दोषांचे पॅच निघाल्यापासून चौदा दिवसांत लावावे लागतात. गटांच्या खाली सर्वात जुन्या यंत्राचं वय वेगळं लिहावं. एका ओळीचा तो आकडा साऱ्या टक्केवारीपेक्षा जास्त सांगतो.

पण मघाशी १२६ हा आकडा आला, आणि नोंदवहीत तर १४० लॅपटॉप आहेत.

अहवालातली सर्वात मोठी चूक इथे आहे. ९३ टक्के निघाले ते ११७ भागिले १२६ असे, म्हणजे ज्यांनी माहिती कळवली तेवढ्याच यंत्रांमधून. चौदा लॅपटॉप मुळात बोललेच नव्हते आणि जे बोलत नाहीत ते भागाकारातून गळतात. गप्प बसलेल्या यंत्राला पॅच लागलेलं धरायचं की बाकी धरायचं? त्याला बाकीच धरायला हवं. पत्र न पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाने पैसे भरले असं कुणी लिहून ठेवत नाही. तसं धरलं की ११७ भागिले १४०, म्हणजे ८४ टक्के.

चौदा यंत्रं शोधताना जे सापडतं ते बहुतेक कार्यालयांत थोड्याफार फरकाने असंच असतं. पाच कपाटात पडून होती, दुरुस्तीच्या वेळी बदली द्यायला ठेवलेली. दोन नोकरी सोडून गेलेल्यांकडे राहिली होती. चार घरून काम करणाऱ्यांची : पॅच वाटणारा सर्व्हर कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात, आणि ही मंडळी मेल व मीटिंग थेट इंटरनेटवरून करतात, व्हीपीएन जोडतच नाहीत. त्यामुळे त्यांचं यंत्र सर्व्हरला कधी भेटतच नाही. एक लॅपटॉप कुणालाच सापडला नाही.

उरलेल्या दोघांची गोष्ट वेगळी. ते रोज चालू असतात, कार्यालयातच असतात, तरी यादीत दिसत नाहीत. एका यंत्रावर सगळं बसवून त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या दोघांवर उतरवली होती. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसयूएस या सर्व्हरसाठी प्रत्येक यंत्राला SusClientId नावाची ओळख असते आणि प्रत उतरवताना तीही जशीच्या तशी उतरली. आता सर्व्हरच्या लेखी तिघं मिळून एकच यंत्र. जो शेवटी बोलला त्याचं नाव त्या ओळीत दिसतं. सकाळी एक नाव, दुपारी दुसरं. अशी नाव बदलणारी ओळ दिसली की हाच रोग समजावा. ती ओळख पुसून यंत्राला नवी घ्यायला लावली की तिन्ही वेगवेगळी उभी राहतात.

आता ११७ "पूर्ण" यंत्रांकडे. त्यांतली सगळी पूर्ण नव्हती. सहा लॅपटॉपवर पॅच उतरला होता, बसवलाही होता, पण रीस्टार्ट झाला नव्हता. विंडोजच्या गाभ्यातल्या फायली चालू असताना बदलता येत नाहीत, त्या रीस्टार्टच्या वेळी बदलतात. तोवर जुनीच फाइल चालू राहते आणि भोकही उघडंच राहतं. वितरणाचं साधन मात्र "इन्स्टॉल झालं" असं कळवून मोकळं होतं. लॅपटॉपचं झाकण मिटून बॅगेत टाकायची सवय असलेल्या माणसाचं यंत्र तीन-तीन आठवडे रीस्टार्ट होत नाही, कारण झाकण मिटल्यावर ते झोपतं, बंद होत नाही. इथेही बिल्ड क्रमांक खरं बोलतो. रीस्टार्टआधी winver जूनचाच आकडा दाखवतं.

आणि तीन यंत्रांची स्थिती त्याहून वाईट होती. त्यांच्यावर विंडोज ११ची २१एच२ ही जुनी आवृत्ती, एंटरप्राइज प्रकारातली. तिला शेवटचा पॅच ८ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला आणि तिथे तिचं आयुष्य संपलं. त्यानंतर तिच्यासाठी पॅच निघालेच नाहीत, म्हणून बाकीही काही नाही. अहवालात शून्य बाकी, हिरवी खूण. प्रत्यक्षात १२ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या प्रत्येक महिन्याची भोकं त्यांत उघडी, म्हणजे २५ जुलैला २५५ दिवस. साऱ्या कार्यालयातली सर्वात जुनी थकबाकी ही होती आणि ती "पूर्ण"च्या रकान्यात बसली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची मुदत संपली, तेव्हा हाच सापळा फार मोठ्या प्रमाणावर तयार झाला. वाढीव मुदतीचे पॅच न घेतलेली विंडोज १०ची यंत्रं आता काहीच मागत नाहीत. म्हणून अहवालात आवृत्तीची मुदत संपली का, हा रकाना वेगळा लागतो आणि संपली असेल तर बाकी किती हे न बघता यंत्र लाल रंगात दाखवावं लागतं.

सहा आणि तीन वजा केले की ११७चे १०८ राहतात. १४० पैकी १०८ म्हणजे ७७ टक्के. यंत्रं तीच, दिवस तोच, सकाळच्या ९३चे दुपारी ७७ झाले.

"महत्त्वाचे" या शब्दाबद्दलही थोडं थांबून सांगायला हवं. डब्ल्यूएसयूएसमध्ये "क्रिटिकल अपडेट्स" नावाचा एक वर्ग आहे. नाव वाचून वाटतं, यावर खूण केली की काम झालं. पण तो वर्ग सुरक्षेशी संबंध नसलेल्या गंभीर बिघाडांच्या दुरुस्तीचा आहे. सुरक्षेचे पॅच "सिक्युरिटी अपडेट्स" या दुसऱ्या वर्गात येतात आणि त्यांना क्रिटिकल, इंपॉर्टंट अशा श्रेणी वेगळ्या असतात. MS17-010 देखील या दुसऱ्याच वर्गातला होता. नुसता पहिला वर्ग मोजणारा अहवाल वॉनाक्रायच्या आदल्या दिवशीही निष्कलंक दिसला असता. शिवाय प्रत्यक्षात वापरली गेलेली कित्येक भोकं इंपॉर्टंट श्रेणीतली निघाली आहेत, तेव्हा दोन्ही श्रेण्या मोजलेल्या बऱ्या.

एक-दोन यंत्रं राहिली तर काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी आलेल्या नोटपेट्याने त्याचं उत्तर दिलं. तोही त्याच भोकातून शिरू शकत होता, पण एकदा एका यंत्रात शिरला की तिथल्या स्मृतीतून पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या आधारे पॅच लावलेल्या यंत्रांवरही जायचा. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प केलं आणि तिच्या समूहातलं उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनलही त्यात अडकलं. १४ मार्चचा पॅच तेव्हा १०५ दिवसांचा झाला होता.

पुण्यातल्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात एकेक ओळ घेऊन काम झालं. सहा जणांना फोन करून रीस्टार्ट करायला सांगितलं. ७३ दिवसांच्या यंत्राच्या सी ड्राइव्हवर जागाच नव्हती, ती मोकळी केल्यावर पॅच अर्ध्या तासात बसला. १६४ दिवसांच्या यंत्रावर पॅच दर वेळी निम्म्यावर जाऊन माघारी फिरत होता, त्याच्यावर विंडोज नव्याने बसवायचं ठरलं. तीन जुन्या आवृत्त्या बदलल्या. कपाटातली पाच यंत्रं चार्ज करून अद्ययावत केली आणि दर महिन्याला ती बाहेर काढायची तारीख ठरवली.

शुक्रवार, १ ऑगस्टच्या कागदावर १४० पैकी १३५, म्हणजे ९६ टक्के. खाली पाच ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे दिवस होते. नव्याने विंडोज बसवायचं एक, घरून काम करणाऱ्यांपैकी व्हीपीएन अजून न जोडलेले दोघे, नोकरी सोडलेल्या एकाकडे राहिलेला लॅपटॉप, आणि न सापडलेला तो एक. बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "याचं वय कसं लिहिणार?"

"शेवटचा बोलला त्या दिवसापासून, मॅडम," तरुण म्हणाला. "१९ मार्च. आणि त्याच्यात काय काय होतं, ते आता वेगळं शोधायला घेतलंय."

१२ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा मंगळवार होता. त्या रात्री साडेदहाला नवा पॅच निघाला आणि बुधवारी सकाळी कार्यालयातली जवळजवळ सगळी यंत्रं पुन्हा बाकीत आली, वय एक दिवस. दर महिन्याला हे असंच होतं, त्यामुळे बुधवारचा लाल कागद पाहून कुणी दचकलं नाही. पुढचा कागद काढायची तारीख चौदा दिवस पुढची, २६ ऑगस्ट, अशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेली होती.